सहा लाख एकवीस हजारांचा हिशेब

मासिक अहवालातली बेरीज चुकली की साहेबांना किंवा मॅडमना एक ईमेल लिहावा लागतो. कुठं चुकलं, किती चुकलं, का चुकलं. दहा-बारा ओळींचा मजकूर. तरी बहुतेक कार्यालयांतून तो असा जातो: "एक्सेलमधल्या तांत्रिक चुकीमुळे आकडे चुकले, दुरुस्त अहवाल सोबत जोडला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." वाचणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. नवा आकडा तरी बरोबर कशावरून? मागच्या महिन्यांचं काय? ही चूक पुढच्या महिन्यात पुन्हा होणार नाही कशावरून? तीन फोन होतात आणि तोवर त्या अहवालावरचा विश्वास गेलेला असतो.

असा ईमेल लिहिण्यातला अवघड भाग भाषेचा नाही, त्याआधीच्या तपासाचा आहे. त्या तपासातली एक गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. चूक सापडणं वेगळं आणि फरक पूर्ण त्याच चुकीचा आहे हे रुपयापर्यंत जुळवून दाखवणं वेगळं. हे दुसरं काम झालं की ईमेल जवळजवळ आपोआप लिहिला जातो. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण चूक अशी आहे की शीटवर काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

बी-बियाणे आणि खतांचा एक वितरक आहे. नाशिक, पुणे, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार शाखा. प्रत्येक शाखा आपली बिलं मुख्य कार्यालयाला पाठवते. तिथला सहायक ती `Data` नावाच्या शीटवर एकाखाली एक चिकटवतो. `B` कॉलममध्ये शाखेचं नाव, `F` कॉलममध्ये बिलाची करावेगळी रक्कम. दुसऱ्या शीटवर शाखानिहाय बेरीज आपोआप येते. तिथं प्रत्येक शाखेसमोर हा फॉर्म्युला आहे:

```
=SUMIF(Data!$B$2:$B$400,A3,Data!$F$2:$F$400)
```

अर्थ सोपा आहे. `Data` शीटच्या दुसऱ्या ओळीपासून चारशेव्या ओळीपर्यंत `B` कॉलम बघ, जिथं `A3` मधल्या शाखेचं नाव सापडेल तिथली `F` मधली रक्कम घे आणि सगळ्यांची बेरीज कर. चार शाखांच्या चार बेरजा, त्यांच्याखाली एकूण.

शीट मागच्या सप्टेंबरात तयार झाली तेव्हा महिन्याला तीनशेच्या आसपास बिलं होती. चारशेची मर्यादा ऐसपैस वाटली. ऑक्टोबरात रब्बीच्या तयारीमुळे ३८८ बिलं आली, तीही मावली. मग जून आला. पेरण्या सुरू झाल्या, दुकानदारांच्या मागण्या वाढल्या आणि बिलं झाली ४३६. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून शेवटचं बिल ४३७व्या ओळीत गेलं. फॉर्म्युला चारशेव्या ओळीवर थांबला. खालची ३७ बिलं त्यानं वाचलीच नाहीत.

२ जुलैला अहवाल गेला, एकूण विक्री ₹४७,५८,०००.

ही चूक पटकन दिसत नाही. फॉर्म्युल्यात गडबड झाली की एक्सेल कधी `#REF!` दाखवतं, कधी `#N/A`. त्या चुका परवडतात, कारण त्या स्वतःच ओरडून सांगतात. इथं तसं काही नाही. फॉर्म्युला अगदी नीट चालतो आणि त्याला सांगितलेल्या ३९९ ओळींची बेरीज अचूक देतो. चार शाखांची बेरीज खालच्या एकूण आकड्याशी जुळते, कारण एकूण आकडा त्या चारांचीच बेरीज आहे. कॅल्क्युलेटर घेऊन अहवाल तीनदा तपासला तरी सगळं बरोबरच येणार. बेरजेशेजारच्या ओळी फॉर्म्युल्यातून सुटल्या तर एक्सेल कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवतं, पण ती सोय फॉर्म्युल्याला लागून असलेल्या आकड्यांसाठी आहे. दुसऱ्या शीटवर सुटलेल्या ओळींचा त्रिकोण इथं उमटत नाही.

शिवाय घट चारही शाखांत थोडी थोडी विभागली गेली. एका शाखेचा आकडा निम्मा झाला असता तर कुणीतरी भुवया उंचावल्या असत्या. इथं सगळेच थोडे मागे दिसले, आणि पाऊस लांबला की खतांची विक्री मागे पडतेच, म्हणून कुणाला खटकलं नाही.

सुटलेल्या ओळी कोणत्या, हेही बघण्यासारखं आहे. नोंदी तारखेच्या क्रमानं चिकटवलेल्या असतात, म्हणून तळाच्या ३७ ओळी म्हणजे २८ जूनच्या दुपारपासून ३० जूनपर्यंतची बिलं. महिनाअखेरीस शाखा उद्दिष्ट पूर्ण करायच्या मागे असतात आणि मोठी बिलं तेव्हाच फाटतात. एकूण बिलांपैकी जेमतेम साडेआठ टक्के बिलं सुटली, पण विक्रीतली तूट त्याहून मोठी निघाली. नाशिक शाखेचं जूनचं उद्दिष्ट वीस लाखांचं होतं. अहवालात तिची विक्री दिसली ₹१८,४२,३००. तिसऱ्या तारखेच्या बैठकीत नाशिकच्या शाखाप्रमुखाला उद्दिष्ट का चुकलं याचं उत्तर द्यावं लागलं, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, कारण त्याच्या हिशेबानं ते चुकलंच नव्हतं. शंका त्यानं काढली.

आता तपास. सर्वात आधी शीटच्या बाहेरचा एक आकडा लागतो. या कार्यालयात बिलं टॅलीत होतात, तेव्हा टॅलीतलं जूनचं विक्री रजिस्टर काढलं. इथं सावध राहायला हवं. दोन्हीकडची रक्कम करावेगळी आहे ना आणि परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा दोन्हीकडे सारख्याच धरल्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं, नाहीतर फरक भलत्याच ठिकाणी शोधत बसावं लागतं. या उदाहरणात दोन्ही सारखे होते. टॅलीत जूनची विक्री ₹५३,७९,५००. अहवालात ₹४७,५८,०००. फरक ₹६,२१,५००.

हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. पुढच्या सगळ्या तपासाचं माप तोच.

मग `Data` शीटवर `F1` मध्ये जाऊन `Ctrl` आणि खालचा बाण दाबला की कर्सर शेवटच्या भरलेल्या ओळीवर जातो, मध्ये रिकामी ओळ नसेल तर. तो गेला ४३७ वर. फॉर्म्युल्यात होतं ४००. चूक हाती लागली. `F401` ते `F437` निवडलं की खालच्या पट्टीवर बेरीज दिसते: ₹६,०९,०००.

बहुतेक तपास इथंच थांबतात. फॉर्म्युला सुधारला, आकडा वाढला, पाठवला. पण फरक होता सहा लाख एकवीस हजार पाचशेचा आणि सापडले सहा लाख नऊ हजार. साडेबारा हजार अजून कुठंतरी आहेत. रक्कम लहान आहे म्हणून सोडून दिली तर दुरुस्त अहवालही चुकीचाच जाणार. आठवड्यानं टॅलीशी ताळा घेताना कुणाला तरी ते कळणार आणि दुसरा माफीचा ईमेल लिहावा लागणार. दुसऱ्या दुरुस्तीनंतर पहिल्या दुरुस्तीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्थशास्त्राच्या जगात यावरून एक मोठं प्रकरण घडलं. कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या विकसित देशांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्के असल्याचं त्यात दाखवलं होतं. सरकारी खर्चात कपात करावी म्हणणाऱ्या अनेक नेत्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याला अभ्यासासाठी तेच आकडे काढून बघताना उत्तर जुळेना. लेखकांकडून मूळ शीट मिळाली तेव्हा दिसलं की सरासरीचा फॉर्म्युला ३०व्या ओळीपासून ४९व्या ओळीपर्यंत जायला हवा होता, तो ४४व्या ओळीवर थांबला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. आपल्या उदाहरणातली चूक आणि ही चूक एकाच जातीची आहे.

जगभर बातमी झाली ती एक्सेलच्या चुकीची. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांनी मात्र फरकाची फोड नीट करून दाखवली होती. त्यांच्या हिशेबानं खरी सरासरी २.२ टक्के होती. उणे ०.१ ते २.२ या मोठ्या अंतरात एक्सेलच्या चुकीचा वाटा फक्त सुमारे ०.३ टक्क्यांचा होता. बाकीचं अंतर काही देशांची काही वर्षं वगळण्यातून आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीतून आलं होतं. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी शीटमधली चूक लगेच मान्य केली, पण बाकीच्या मुद्द्यांवर ते आपल्या मतावर ठाम राहिले. सगळा दोष एका फॉर्म्युल्यावर टाकणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. कारणांची फोड केल्याशिवाय "या चुकीमुळे झालं" असं म्हणू नये हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

परत आपल्या साडेबारा हजारांकडे. उरलेला फरक गोल आकड्याचा असेल तर ते एखादं सबंध बिल असण्याची शक्यता मोठी. `F` कॉलममध्ये ४३६ रकमा आहेत. त्यांपैकी एक्सेल किती रकमांना खरोखर आकडा मानतं, ते असं कळतं:

```
=COUNTA(Data!$F$2:$F$437)-COUNT(Data!$F$2:$F$437)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतं, `COUNT` फक्त आकडे मोजतं. उत्तर शून्य यायला हवं होतं, आलं १. एका सेलमध्ये आकड्यासारखं दिसणारं, पण आकडा नसलेलं काहीतरी होतं. शोधल्यावर `F212` मध्ये सापडलं. कोल्हापूर शाखेचं बिल, रक्कम लिहिली होती अशी: `12,500/-`.

चेकवर आणि पावतीवर रकमेपुढं तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारायची आपल्याकडची जुनी सवय. कुणी पुढं आकडा वाढवू नये म्हणून ती चांगलीच आहे. पण एक्सेलच्या लेखी त्या दोन खुणांमुळे सबंध सेल मजकूर होतो, आणि मजकूर `SUM` किंवा `SUMIF` बेरजेत धरत नाही. कसली सूचना नाही, चुकीची खूण नाही. कॉलम उजवीकडे सरकवलेला असल्यानं डोळ्यांनाही वेगळं दिसलं नाही. रक्कम नुसती `12500` अशी पुन्हा भरली आणि बेरीज झाली ₹५३,७९,५००. टॅलीशी ताळा जुळला. आता लिहायला बसता येईल.

ईमेल असा:

विषय: जून विक्री अहवाल: दुरुस्त एकूण ₹५३,७९,५०० (२ जुलैचा अहवाल रद्द समजावा)

मॅडम,

२ जुलैला पाठवलेल्या जूनच्या अहवालात एकूण विक्री ₹६,२१,५०० नं कमी दाखवली गेली. ₹४७,५८,००० ऐवजी ती ₹५३,७९,५०० आहे. हा आकडा टॅलीच्या विक्री रजिस्टरशी जुळवला आहे.

फरकाची दोन कारणं आहेत. शाखानिहाय बेरजेचा फॉर्म्युला चारशेव्या ओळीपर्यंतच वाचत होता. जूनमध्ये नोंदी ४३७व्या ओळीपर्यंत गेल्या, त्यामुळे २८ ते ३० जूनची ३७ बिलं सुटली (₹६,०९,०००). शिवाय कोल्हापूरच्या एका बिलाची रक्कम "/-" सह लिहिल्यामुळे बेरजेत आली नाही (₹१२,५००).

चारही शाखांचे आकडे वाढले आहेत. नाशिकची विक्री ₹२१,०६,८०० असून शाखेनं जूनचं उद्दिष्ट गाठलं आहे. जीएसटीचे आकडे थेट टॅलीतून जातात, त्यावर परिणाम नाही.

सप्टेंबर ते मेचे अहवाल तपासले. नोंदी कधीच ३९९ च्या वर गेल्या नाहीत (सर्वाधिक ऑक्टोबरात, ३८८) आणि प्रत्येक महिन्याची बेरीज टॅलीशी जुळते.

फॉर्म्युला दुरुस्त केला आहे आणि टॅलीशी फरक दाखवणारी ओळ अहवालात वाढवली आहे. पाठवण्याआधी हा ताळा मी घ्यायला हवा होता.

जुलैची खतांची मागणी जुन्या आकड्यांवर ठरली असल्यास ती बदलावी लागेल. कृपया आज कळवावं.

ईमेल इथं संपतो. योग्य आकडा विषयातच आहे, म्हणजे मॅडमनी फोनवर नुसता विषय वाचला तरी त्या चुकीचा आकडा पुढं कुणाला सांगणार नाहीत. फॉर्म्युला शब्दशः दिलेला नाही. `SUMIF` म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही "चारशेव्या ओळीपर्यंतच वाचत होता" एवढं कळतं, आणि ज्याला माहीत आहे त्याला चूक कुठल्या जातीची ते त्यातूनच कळतं. दोन्ही कारणांपुढं कंसात रक्कम आहे आणि त्या दोन रकमांची बेरीज वरच्या फरकाएवढी भरते. माझ्या मते या ईमेलमधलं सगळ्यात मोलाचं ते आहे. वाचणाऱ्याला मनातल्या मनात बेरीज करता येते, आणि ती जुळली की तिसरं कारण उरलेलं नाही हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

नाशिकचा उल्लेख काहींना जास्तीचा वाटेल. मला तो आवश्यक वाटतो. चुकीच्या आकड्यामुळे एका माणसाला बैठकीत ऐकून घ्यावं लागलं आहे. आकडा सुधारला जाईल, पण बैठकीत बसलेल्यांच्या डोक्यात "नाशिक मागे" हेच राहील. ते खोडायचं असेल तर त्याच ईमेलमध्ये, शाखेच्या नावानिशी लिहावं लागतं. "शाखांच्या आकड्यांत बदल झाले आहेत" असं मोघम वाक्य त्यासाठी पुरत नाही.

मागच्या महिन्यांच्या तपासणीचंही तसंच. फॉर्म्युला सप्टेंबरपासून तोच आहे म्हटल्यावर मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे, तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकावं. सुदैवानं या चुकीत ते सोपं आहे, कारण ओळी ३९९ पेक्षा कमी असतील तर मर्यादेची चूक होऊच शकत नाही. "/-" ची चूक मात्र कुठल्याही महिन्यात असू शकते. म्हणून ओळींची संख्या सांगून भागत नाही, प्रत्येक महिन्याचा टॅलीशी ताळा घ्यावा लागतो.

दुरुस्तीचं थोडं सांगायला हवं, कारण "फॉर्म्युला दुरुस्त केला" म्हणजे अनेकदा ४०० च्या जागी ६०० लिहिलेलं असतं. ती चूक पुढं ढकलणं झालं. शिवाय मध्येच कुणी काही ओळी डिलीट केल्या तर फॉर्म्युल्यातली मर्यादा तेवढीच आपोआप कमी होते, आणि सहाशेची साडेचारशे कधी झाली ते कळतही नाही. सरळ उपाय म्हणजे ओळींचे आकडेच काढून पूर्ण कॉलम द्यायचा:

```
=SUMIF(Data!$B:$B,A3,Data!$F:$F)
```

आता बिलं कितीही वाढोत, एकही ओळ सुटत नाही. दुसरा उपाय म्हणजे `Data` वरच्या नोंदी निवडून `Ctrl+T` नं त्यांचा टेबल करायचा. टेबलला लागून खाली नोंदी चिकटवल्या की तो स्वतः वाढतो. मध्ये एक रिकामी ओळ सोडली तर मात्र खालच्या नोंदी टेबलच्या बाहेरच राहतात, म्हणून जिथं अनेक हात नोंदी चिकटवतात तिथं मला पूर्ण कॉलमचा उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

अहवालात वाढवलेली ओळही महत्त्वाची. `B7` मध्ये एकूण विक्री असेल आणि `B8` मध्ये टॅलीचा आकडा हातानं भरला असेल, तर `B9` मध्ये एवढंच:

```
=B7-B8
```

शून्य आलं नाही तर अहवाल पाठवायचा नाही. `B8` मधला आकडा `Data` शीटवरून आणायचा मोह होईल, पण तसं केलं तर "/-" सारखी चूक दोन्ही बाजूंना सारखीच होईल, फरक शून्य दिसेल आणि बेरीज तरी चुकलेलीच राहील. ताळ्याचा आकडा शीटच्या बाहेरूनच यावा लागतो.

तुमच्याकडे दर महिन्याला असा अहवाल जात असेल, तर पुढचा पाठवण्याआधी नोंदींच्या शीटवर शेवटची भरलेली ओळ कितवी ते बघा आणि बेरजेच्या फॉर्म्युल्यातला शेवटचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा.